परताव्याच्या बदल्यात तक्रार काढायची का?

प्रश्न: एका कंपनीबद्दल मी सार्वजनिक तक्रार लिहिली होती. इतके दिवस कोणी विचारलं नाही. आता फोन येतात, म्हणतात, “पोस्ट काढा, लगेच पूर्ण पैसे परत करतो.” काय करू? पैसे हवे आहेत, पण काढावीशी वाटत नाही.

उत्तर:

पैसे खात्यात जमा होईपर्यंत काहीही काढू नका, हे आधी सांगतो. ग्राहक तक्रार विभागात मी काही वर्षं काम केलं आहे. आज तुम्हाला येतात तसे फोन करणारी माणसं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, म्हणून तिथलं काम कसं चालतं ते माहीत आहे.

फोन करणाऱ्याकडे बहुतेक वेळा परतावा मंजूर करण्याचा अधिकार नसतो. वाईट रिव्ह्यू कमी करणं हे त्याचं काम. परताव्याची मंजुरी दुसऱ्या विभागातून येते, आणि तिथल्या माणसाने तुमची तक्रार वाचलेलीही नसते. पोस्ट उतरली की पहिल्या माणसाचं काम संपतं आणि तुमची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर पडून राहते. यात दरवेळी फसवणूक असतेच असं नाही. कित्येकदा फोन करणारा मनापासून बोलत असतो, फक्त दिलेला शब्द पाळणं त्याच्या हातात नसतं. म्हणून पहिला प्रश्न विचारा, “परतावा मंजूर झालाय का? तसं लेखी पाठवा.” उत्तर गोलगोल आलं तर मंजुरी झालेली नाही असं समजा.

आता मूळ निर्णय. हे पैसे तुमच्या हक्काचे आहेत, की कंपनी पदरचे देते आहे? वस्तू सदोष निघाली, वेगळीच आली, आलीच नाही किंवा परतीच्या मुदतीत तुम्ही ती परत केली, तर पैसे देणं त्यांचं बंधन आहे. जे द्यायचंच आहे त्याच्या बदल्यात तुमच्याकडून आणखी काही मागण्याचा त्यांना नैतिक अधिकार नाही, आणि बऱ्याच ठिकाणी नियमही त्यांच्या बाजूने नाहीत. गूगलच्या नकाशावरच्या रिव्ह्यूंसाठी असलेल्या धोरणात, सवलत किंवा इतर मोबदला देऊन वाईट रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला सांगणं व्यावसायिकाला स्पष्ट मनाई आहे. ॲमेझॉनवरही विक्रेत्याने परतावा देऊ करून रिव्ह्यू काढायला लावणं नियमबाह्य आहे. याउलट मुदत उलटून गेली असेल, वस्तू ठीक असेल, तुम्हाला फक्त आवडली नसेल आणि तरी कंपनी पैसे देत असेल, तर तो खरोखरचा समझोता आहे. तिथे तुम्ही मोकळेपणाने विचार करू शकता.

माझ्या मावसबहिणीचं प्रकरण सांगतो, त्यातून बराच गुंता उलगडेल. तिने एका ऑनलाइन बाजारपेठेवरून, म्हणजे जिथे अनेक विक्रेते असतात अशा ठिकाणाहून, दुरुस्त करून विकलेला फोन घेतला. थोड्याच दिवसांत मागचं झाकण उचललं गेलं, बॅटरी फुगली होती. विक्रेत्याने टाळाटाळ केली, तेव्हा तिने फोटोसकट रिव्ह्यू लिहिला. मग फोन आला, “मॅडम, रिव्ह्यू काढा, रिफंड आजच प्रोसेस करतो.”

तिने फोनवर हो-नाही काहीच केलं नाही. बाजारपेठेच्या स्वतःच्या चॅटमध्ये लिहिलं, “तुम्ही आत्ता फोनवर रिव्ह्यू काढण्याच्या अटीवर परतावा देऊ केलात. हे बरोबर आहे का?” बोलणं त्या चॅटमध्ये आणणं हा यातला सगळ्यात उपयोगी भाग होता. फोनवरचं बोलणं नंतर कोणालाही दाखवता येत नाही, आणि चॅट बाजारपेठेच्या तपासनीसालाही दिसतो. विक्रेता तिथे सावध झाला आणि त्याने ईमेलवर एक मसुदा पाठवला. त्यात तीन गोष्टी होत्या. रिव्ह्यू काढायचा, यापुढे कुठेही या विक्रेत्याबद्दल काही लिहायचं नाही, आणि तिसरी, “माझी तक्रार गैरसमजातून झाली होती” असं लिहून द्यायचं.

तिसऱ्या वाक्याकडे नीट बघा, कारण असं वाक्य बऱ्याच मसुद्यांत शेवटी, छोट्या अक्षरांत येतं. तक्रार काढणं ही एक गोष्ट आणि ती खोटी होती असं सहीनिशी कबूल करणं ही अगदी वेगळी गोष्ट. उद्या त्यांनी बदनामीचा दावा केला, तर तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहील. खरी तक्रार चुकीची होती असं कोणत्याही रकमेसाठी लिहून देऊ नका. “कुठेही काही लिहायचं नाही” या कलमातही एक अपवाद लेखी मागा. सरकारी यंत्रणा, ग्राहक न्यायालय आणि बँक यांच्याकडे जाण्याचा तुमचा हक्क शाबूत राहिला पाहिजे. कायद्याची मदत किती मिळेल हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत २०१६ च्या कन्झ्युमर रिव्ह्यू फेअरनेस ॲक्टने छापील करारांतली रिव्ह्यू रोखणारी कलमं निष्प्रभ ठरवली, पण तो कायदा आधीच छापून ठेवलेल्या अटींपुरता आहे. वाद झाल्यावर दोघांनी बोलून ठरवलेला करार ही वेगळी बाब आहे. त्यामुळे सही करताना “कायद्याने हे टिकणारच नाही” असं गृहीत धरू नका.

बहिणीने मसुदा परत पाठवला आणि उत्तरात थोडक्यात लिहिलं: “फोन सदोष आहे, त्यामुळे परतावा देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा झाली की मी रिव्ह्यूमध्ये तशी नोंद करीन. रिव्ह्यू काढणार नाही.” हे शब्द तिने विचार करून निवडले होते. “पैसे द्या, नाहीतर रिव्ह्यू ठेवीन” असं तुम्ही लिहिलंत तर धमकी देणारे तुम्ही ठरता, आणि विक्रेता तेच वाक्य पुढे करून बाजारपेठेकडे तुमच्याविरुद्ध तक्रार करू शकतो. सौदा त्यांच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही फक्त हक्काची रक्कम मागा.

रिव्ह्यू न काढण्याचं तिचं कारण मला पटलेलं होतं आणि आजही पटतं. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. त्याच विक्रेत्याकडून तसाच फोन घेणाऱ्या माणसाला ते फोटो दिसले पाहिजेत. जिथे दुसऱ्याच्या जिवाचा किंवा शरीराचा प्रश्न आहे, तिथे पैसे कितीही गरजेचे असले तरी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोन परत पाठवतानाही हीच अडचण आली. विक्रेता म्हणाला, साध्या कुरिअरने पाठवा. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे, त्यामुळे तिने ती चार्ज न करता बाजूला ठेवली आणि नेण्याची व्यवस्था विक्रेत्यानेच करावी असं लेखी कळवलं.

विक्रेता गप्प बसला. मग तिने बाजारपेठेच्या खरेदीदार संरक्षणाखाली दावा टाकला, चॅट आणि तो मसुदा जोडला. पैसे आले. डिलिव्हरीचा खर्च मात्र आला नाही. तिने रिव्ह्यूखाली लिहिलं की बाजारपेठेमार्फत वस्तूची किंमत परत मिळाली, डिलिव्हरीचा खर्च मिळाला नाही, आणि विक्रेत्याने परताव्यासाठी रिव्ह्यू काढण्याची अट घातली होती. तारखांसकट, एकही विशेषण न वापरता.

तुमच्या बाबतीतही मी आधी हाच मधला मार्ग सुचवीन: काढू नका, अद्ययावत करा. “तक्रार सुटली, पूर्ण पैसे मिळाले” अशी ओळ कंपनीच्याही फायद्याची असते, आणि समजूतदार कंपन्या ती मान्य करतात. पुसलेला रिव्ह्यू बहुतेक ठिकाणी परत आणता येत नाही. पुन्हा लिहिलात तर तो नव्या तारखेचा ठरतो, आणि त्याखालची इतरांची उत्तरं, “उपयुक्त” म्हणून मिळालेली मतं सगळं जातं. तक्रार निवारण यंत्रणेकडे दाखल केलेली तक्रार मागे घेतली, तर कंपनीच्या खात्यावर तिची नोंद साधारणपणे “निकाली” अशी पडते. ती पुन्हा उघडणं, नवीन दाखल करण्यापेक्षाही किचकट असू शकतं.

आणि काढणंच योग्य असेल तर? असंही होतं. ज्या तक्रारीचा संबंध फक्त तुमच्याशी आहे, जसं की उशीर, एका कर्मचाऱ्याचं उद्धट बोलणं किंवा बिलातला घोळ, ती मिटली आणि पैशांची गरज खरी असेल, तर काढण्यात लाज वाटायचं कारण नाही. सगळ्या ग्राहकांच्या वतीने लढत राहण्याचं ओझं तुमच्यावर कोणी टाकलेलं नाही. ती ज्या व्यासपीठावर आहे तिथला नियम तेवढा आधी वाचा, कारण काही ठिकाणी मोबदल्यात काढणं हा तुमच्याही बाजूने नियमभंग ठरतो.

फक्त क्रम बदलू नका, आधी पैसे, मग काढणं. रक्कम किती, मूळ खात्यात की कंपनीच्या वॉलेटमध्ये, डिलिव्हरी धरून की सोडून, हे लेखी घ्या. “रिफंड इनिशिएट झाला” म्हणजे पैसे आले असं नाही. कार्डाने भरले असतील तर एआरएन, म्हणजे त्या परताव्याचा संदर्भ क्रमांक मागा. हा २३ अंकी क्रमांक असतो, आणि तो सांगितला की बँक परतावा कुठे अडकलाय ते शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल तर परतावा निघालेलाच नाही, अशी शक्यता मोठी.

या बोलण्यांत दिवस किती चाललेत याकडे लक्ष ठेवा. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो, म्हणजे वाद नोंदवून बँकेमार्फत पैसे परत मागता येतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच प्रकारच्या वादांना साधारण १२० दिवस असतात, पण तुमची बँक कमीही देऊ शकते, म्हणून आजच फोन करून नेमकी तारीख विचारा. “पुढच्या आठवड्यात नक्की” असं ऐकत ती मुदत संपलेली मी अनेकांची पाहिली आहे. कंपनीला एक ठरावीक तारीख द्या, चार्जबॅकच्या मुदतीच्या बऱ्याच आधीची, आणि त्या दिवशी पैसे नसतील तर दावा टाका. दावा टाकल्यावर कंपनीनेही परतावा पाठवला तर बँकेला लगेच कळवा, नाहीतर दोनदा पैसे आल्याने नवा वाद उभा राहील.

हे वाचेपर्यंत तुम्ही पोस्ट काढली असेल आणि पैसे आले नसतील, तरी दावा गेलेला नाही. काढण्याच्या अटीचे मेसेज, कॉलची नोंद, पोस्टची सूचना म्हणून आलेला जुना ईमेल, जे असेल ते एकत्र करा. त्याच आधारावर बँकेकडे आणि त्या व्यासपीठाकडे जा. तक्रार पुन्हा लिहिताना पहिल्याच ओळीत सांगा की ही आधीही लिहिली होती, कोणत्या तारखेला, कोणत्या आश्वासनावर काढली, आणि आजपर्यंत काय मिळालं.