कार्टून केलेल्या क्लिपची लुकलुक कशी घालवायची?

प्रश्न: ४ सेकंदांच्या क्लिपची प्रत्येक फ्रेम स्टेबल डिफ्युजनमधून कार्टून करून घेतली, पण जोडल्यावर सगळं लुकलुकतं. सीड तोच ठेवला होता. काय करू?

सीड तोच ठेवल्याने नॉइज तोच राहतो, पण तो पडद्याला चिकटलेला असतो. माणूस मात्र हलत असतो. त्यामुळे नक्षीदार काचेमागून कोणी सरकत गेल्यासारखं दिसतं, आणि प्रत्येक फ्रेमला केसांची रेघ, शर्टाची घडी नव्याने ठरते. एडिटरमधला डीफ्लिकर इथे फारसा कामाचा नाही. तो उजेडाचे चढउतार सपाट करतो, हललेली रेघ जागेवर आणत नाही.

म्हणून सगळ्या फ्रेम रंगवूच नका. मोजक्या कीफ्रेम रंगवा आणि मधल्या EbSynth या प्रोग्रामकडून भरून घ्या. तो मूळ व्हिडिओतली हालचाल पाहून तुमच्या रंगवलेल्या चित्राचेच तुकडे पुढच्या फ्रेमवर बसवतो, नवीन काही कल्पत नाही.

आधी सेकंदाला १२ फ्रेम काढा. हाताने केलेल्या ॲनिमेशनमध्येही एक चित्र बहुधा दोन फ्रेम टिकतं, त्यामुळे ही गती डोळ्याला खटकत नाही.

```
mkdir frames
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=12 frames/%04d.png
```

तुमच्या क्लिपच्या साधारण ४८ फ्रेम होतील. समजा, त्यात चेहरा डावीकडून उजवीकडे वळतो आणि मध्येच हसताना दात दिसतात. कीफ्रेम चार: सुरुवातीची, समोरच्या चेहऱ्याची, दात सर्वांत जास्त दिसतात ती, आणि वळून झाल्यावरची. ठरावीक अंतराने निवडू नका. जी गोष्ट कीफ्रेममध्ये नाही ती EbSynth ला काढता येत नाही. मिटलेल्या ओठांवरून दात काढायला लावले तर ओठांचाच रंग फराटतो.

या चारही फ्रेम २×२ अशा एकाच मोठ्या चित्रात मांडा आणि ते एकदाच img2img मधून काढा. एकाच चित्रात असल्यामुळे त्यांचे रंग आणि रेघेची जाडी बऱ्यापैकी जुळते. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. डीनॉइझिंग ०.४ च्या आसपास ठेवा आणि कडा धरून ठेवायला कंट्रोलनेट लावा. रेघा मूळ कडांवरून सरकल्या तर पुढचं सगळं बिघडतं. मग चित्र कापा, मूळ आकारात आणा आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या मूळ फ्रेमचंच नाव द्या, उदाहरणार्थ `0018.png`.

दोन कीफ्रेमच्या मधल्या फ्रेम दोन्हीकडून बनवून घ्या आणि एकमेकींत हळूहळू मिसळा. मिसळल्या तिथे नाक दुहेरी दिसलं, तर त्या दोन कीफ्रेम आपसात जुळत नाहीत. मिसळण्याचं अंतर बदलत बसण्यापेक्षा त्यातली एक हाताने दुरुस्त करा.

```
ffmpeg -framerate 12 -i out/%04d.png -c:v libx264 -pix_fmt yuv420p anim.mp4
```

कॅमेरा स्थिर असेल तर तपासताना चेहरा नको, मागची भिंत बघा. ती अजून थरथरत असेल, तर तिची एकच रंगवलेली फ्रेम घ्या आणि माणूस मास्क करून त्यावर ठेवा. हात जोरात हलून मूळ फुटेजच पुसट झालं असेल, तर तेवढ्या फ्रेम हाताने रंगवाव्या लागतील.