पगाराचं शीर्षक एकच, रकाने दोन

ताई, अभ्यासिका चालवणाऱ्या तुमच्या संस्थेच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तुम्ही सगळे पगार प्रशासनाच्या खर्चात टाकलेत, गडबड तिथेच आहे. ‘पगार’ शीर्षक ठेवा, पण त्यात कार्यक्रम आणि प्रशासन असे दोन रकाने करा. समन्वयकाला महिना २०,००० म्हणजे वर्षाला २,४०,०००. त्याचा पाऊण वेळ अभ्यासिकेवर जात असेल तर १,८०,००० कार्यक्रमात, ६०,००० प्रशासनात. पुरावा म्हणून कामाची रोजची नोंद ठेवा. परदेशी निधी घेणार असाल तर त्यातला २० टक्क्यांहून जास्त प्रशासनावर खर्चता येत नाही.

भाडं नुसतं बारानं गुणू नका. करार ११ महिन्यांचा असेल तर वर्षात नूतनीकरण येतंच. वाढीव भाडं, नोंदणीखर्च धरा. डिपॉझिट परत मिळतं, ते खर्चात नको. ऑडिट फी प्रशासनात. आमची पहिल्या वर्षी राहूनच गेली होती!