चिमाजी अप्पा पेशवे होते का? (सईच्या प्रश्नाला उत्तर)

"बाबा, ठाण्याचा किल्ला चिमाजी अप्पा पेशव्यांनी घेतला असं मी लिहिलं तर बाई म्हणाल्या ते पेशवे नव्हतेच. मग कोण होते? आणि छत्रपती, सरदार हे कुणाला लिहायचं?"

सई बाळा, बाई बरोबर आहेत. आपल्याकडचं सेंट्रल जेल ज्या किल्ल्यात आहे ना, तो पोर्तुगीजांकडून घेतला 1737 मध्ये, आणि वसई पडली 1739 ला, दोन्ही मोहिमा चिमाजी अप्पांच्याच, पण तेव्हा पेशवे होते त्यांचे मोठे भाऊ बाजीराव. पेशवा हे पद, आडनाव नाही, घराण्याचं आडनाव भट. पद एका वेळी एकाकडेच असायचं, आणि ते द्यायचे छत्रपती. बाजीरावांना ते 1720 मध्ये शाहू महाराजांनी दिलं, वडील बाळाजी विश्वनाथ गेल्यावर. पुढे ते त्याच घरात राहिलं म्हणून लोक सगळ्या घराण्यालाच पेशवे म्हणायला लागले, तिथून हा घोळ. पानिपतावर गेलेले सदाशिवराव भाऊ, म्हणजे चिमाजी अप्पांचे चिरंजीव, तेही पेशवे नव्हते बरं का, पेशवे होते नानासाहेब.

पेशवा फारसी शब्द, पेश म्हणजे पुढे, तर पुढे असणारा, म्हणजे सगळ्या प्रधानांत पहिला. 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावं दिली तेव्हा याचं मुख्य प्रधान झालं, आणि बाजीरावांच्या शिक्क्यातही आधी राजा शाहूंचं नाव, मग स्वतःचं, आणि पुढे मुख्य प्रधान असंच आहे! शिक्का बघितला की कोण कुणाचा चाकर ते लगेच कळतं. म्हणून "पेशवा राजा बाजीराव" असलं काही लिहू नकोस, इंटरनेटवर खूप दिसतं ते.

छत्रपती म्हणजे ज्याच्या डोक्यावर राजछत्र आहे तो, अभिषेक झालेला राजा. आपण आदराने सगळीकडे छत्रपती शिवाजी महाराज लिहितो, ते ठीकच आहे, फक्त 1659 च्या अफजलखानाच्या प्रसंगात त्या काळचं कुणी बोलतंय असं लिहिशील तर त्याच्या तोंडी शिवाजीराजे घाल, कारण राज्याभिषेक व्हायला अजून पंधरा वर्षं होती.

सरदार सोपं, सर म्हणजे डोकं, फौजेचा पुढारी. हे एकच पद नाही, एका वेळी कितीतरी सरदार असायचे, शिंदे, होळकर वगैरे.

तर तुझं वाक्य असं कर: "बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या फौजेने 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला." पेशव्यांनी लिही, पेशवांनी नाही. छत्रपती एकटं असेल तर ती दीर्घ, पण छत्रपतिपद असं जोडून आलं की ऱ्हस्व. आजीला दाखव लिहून झालं की, तिची नजर तिखट आहे.

तुझा बाबा