"काका, ती नेहमीची द्या ना"

अरे काउंटरवर पहिलाच महिना आहे तुझा, म्हणून सुरुवातीला एवढंच लक्षात ठेव, गोळीचं नाव आपण सुचवायचं नाही. इंदूरला आमच्या दुकानात परवाच एक काकू आल्या.

"नेहमीची द्या, बीपीची, पांढरी."
"काकू, जुनी पट्टी आहे?"
"फेकली."
"कधी घेता? एकच का?"
"सकाळी एक. ती घेतली की लघवीला फार जावं लागतं."

नवीन मुलगा पटकन "टेल्मिसार्टन ४० ना?" विचारतो आणि काकू हो म्हणतात, कारण त्यांना ओळखीचं वाटतं. पण लघवीचं ऐकून मला शंका आली की साधी नसून एच वाली असेल, म्हणजे त्यात हायड्रोक्लोरोथायझाइडपण असतं. नुसत्या शंकेवर दिली नाही हं, काकूंच्या मुलाला फोन लावून चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला, एच वालीच निघाली.

चुका नेहमीच्या दोनच:
- रंगावरून ओळखणं. कंपनी बदलली की रंग बदलतो.
- पट्टी कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा दुकानातच ठेवून घेणं. तो गिऱ्हाइकाला दे, पुढच्या वेळी तोच घेऊन येतील.

आणि चिठ्ठी मिळालीच नाही तर डॉक्टरांना फोन कर, अंदाजाने देऊ नको, मागे कितीही गर्दी असली तरी.