गँट चार्टच्या चित्रातील पट्टी पुढे कशी सरकवावी?

प्रश्न: माझ्याकडे वेळापत्रकाची मूळ फाइल नाही, फक्त पीएनजी चित्र आहे. ८ ते १९ जूनची एक पट्टी आठवडाभर पुढे न्यायची आहे, तारखांसह. कसे करावे?

उत्तर: पट्टी अंदाजाने ओढू नये, आधी एका दिवसाचे पिक्सेल मोजावेत. समजा, वरच्या कालरेषेवर १ जूनची रेघ २०० व्या आणि १ जुलैची ५०० व्या पिक्सेलवर आहे, तर ३० दिवसांना ३०० पिक्सेल, म्हणजे दिवसाला १० पिक्सेल होतात. त्यामुळे २७० वर सुरू होणारी पट्टी ७० पिक्सेल उजवीकडे, म्हणजे ३४० वर जाईल. तिची रुंदी आणि उंचीवरील जागा बदलणार नाही.

पट्टी व तारखा निवडून नव्या लेयरवर घ्याव्यात. मूळ जागी पांढरा रंग भरल्यास मागच्या उभ्या रेघा तुटतात आणि फेरफार लगेच उघडा पडतो, म्हणून त्याच रंगाच्या रिकाम्या ओळीतील तेवढाच भाग, आडव्या दिशेने अजिबात न हलवता, तेथे चिकटवावा.

तारखा आता १५ आणि २६ जून होतील. फाँट ओळखता येत नसेल, तर त्याच चित्रातील इतर तारखांमधून अंक उचलणे मला नव्याने टाइप करण्यापेक्षा बरे वाटते. पट्टीला जोडलेला बाण असल्यास तोही लांबवावा लागेल.

सरकवणे तीनच दिवसांचे असते, तर मध्ये येणाऱ्या शनिवार-रविवारमुळे पट्टीची लांबीही बदलू शकली असती. शेवटी पीएनजीमध्येच साठवावे. जेपीईजीमध्ये अक्षरांभोवती धूसर डाग येतात.