एचआरचा फोन लागला नाही, मेलही परत गेला

"पहिली फेरी पास झाले होते. मधेच जुना नंबर बंद पडला, नवा घेतला, कंपनीला कळवायचं राहून गेलं. आता तिथली मैत्रीण सांगते, एचआरने फोन केले, मेलही केला. मला काहीच मिळालं नाही. आता कुठल्या तोंडाने विचारू?"

सांगलीच्या या मुलीने अकाउंट्सच्या पदासाठी अर्ज केला होता. माफीचा मेल लगेच पाठवायची तिची घाई होती. आम्ही आधी तिचा जीमेल उघडला. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून 15 जीबी जागा फुकट मिळते; तिची फोनमधल्या व्हिडिओंनी भरली होती. अशा वेळी नवा मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. तो भरतीच्या सॉफ्टवेअरमधून सुटला असेल, तर परत आल्याची सूचना एचआरच्या नजरेस पडेलच असं नाही. त्यांच्या नोंदीत "उमेदवाराचं उत्तर नाही" एवढंच उरतं.

जागा मोकळी करताना जीमेलच्या शोधात `larger:10M` टाकून मोठे मेल काढले, व्हिडिओ दुसरीकडे हलवून फोटोमधून पुसले आणि जीमेल व फोटो दोन्हीकडचा ट्रॅश रिकामा केला. ट्रॅशमधलंही जागा खातं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मग दुसऱ्या खात्यावरून स्वतःलाच मेल पाठवून तो येतो का ते पाहिलं. परत गेलेले मेल मात्र जागा झाली तरी आपोआप येत नाहीत, ते पुन्हा मागावेच लागतात.

त्यानंतरच मेल लिहिला, आणि तोही पहिल्या फेरीच्या मेललाच उत्तर म्हणून, म्हणजे आधीचा संवाद एचआरसमोर राहतो. विषयात पदाचं नाव आणि अर्ज क्रमांक. मजकूर असा:

"माझा जुना मोबाइल नंबर बंद झाला आहे आणि मेलबॉक्स भरल्याने आपले मेल मला मिळाले नाहीत. नंबर बदलल्याचं वेळेत कळवायला हवं होतं, क्षमस्व. नवा नंबर खाली दिला आहे. मेल आता सुरू आहे. या पदाची प्रक्रिया अजून चालू असेल तर पुढची फेरी द्यायची माझी इच्छा आहे. मंगळवार किंवा बुधवारी सकाळी 10 ते 1 मी उपलब्ध आहे. आधीचा मेल कृपया पुन्हा पाठवाल का?"

"नेटवर्क नव्हतं" हे तिने आधी लिहिलेलं वाक्य मी काढायला लावलं. बंद नंबरवर फोन करणाऱ्याला बऱ्याचदा तो अस्तित्वात नाही किंवा सेवेत नाही अशी ध्वनिफीत ऐकू येते, त्यामुळे ते कारण तिथेच खोटं पडू शकतं. रिचार्ज का राहिला, घरी काय चाललं होतं, हेही नको. एचआरला ठरवायचं असतं ते एवढंच, की आता फोन केला तर लागेल का.

इथे एक चूक फार होते. नवा नंबर मेलमध्ये असतो, पण कंपनीच्या पोर्टलवर, नोकरीच्या साइटवर आणि रेझ्युमेत जुनाच राहतो. एचआर पुन्हा तोच फिरवतात. पोर्टलचा ओटीपी जुन्या नंबरवर जात असेल, तर नंबर बदलून द्यायची विनंती त्याच मेलमध्ये करावी.

दोन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर कार्यालयीन वेळेत एक फोन करावा. जागा भरली असेल, तर पुढच्या भरतीसाठी नवा नंबर नोंदवून ठेवायला सांगावं आणि त्या पदाचा पाठपुरावा तिथेच थांबवावा.