फोटोचा भाव ठरवू, पण आधी ती पॉलिसी परत करा

‘मी नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहते, वय ४४. लॉकडाऊनमध्ये जिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकले. शेजाऱ्यांचे जुने फोटो घरच्या प्रिंटरवर स्कॅन करून दुरुस्त करून देते. वर्षभरात १२० फोटो झाले, फोटोमागे ३० रुपये घेतले. सोपा फोटो दहा मिनिटांत होतो, फाटलेला असला तर दोन-अडीच तास जातात. भाव ५० रुपये करू का? महिन्याला १०० फोटो आले की माझ्या नावावरच्या नव्या पॉलिसीचा वर्षाचा ६०,००० चा हप्ता त्यातूनच निघेल. बँकेतल्या साहेबांनी काढून दिली आहे, दहा वर्षं भरायचं आणि विसाव्या वर्षाअखेर दुप्पट. पहिला हप्ता एफडी मोडून भरला, बॉण्ड मागच्या आठवड्यात घरी आला.’

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. बॉण्ड हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी कारण सांगून परत करता येते. याला ‘फ्री लूक’ म्हणतात. त्यातला एक आठवडा गेला आहे. ईमेलवर प्रत आधी आली असेल तर दिवस तिथून मोजा. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल, आधी हा अर्ज करा.

‘दुप्पट’ हा शब्द ऐकायला गोड लागतो. तुम्ही दहा वर्षांत ६ लाख भरणार आणि विसाव्या वर्षाअखेर १२ लाख मिळणार. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा वर्षं. हिशोब केला तर व्याज पडतं वर्षाला साडेचार टक्के. हेच ६०,००० दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले, पुढे खातं फक्त चालू ठेवलं आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी साडेसतरा लाखांच्या पुढे जातात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, म्हणून लाखभर कमी धरा. तरी फरक साडेचार लाखांचा राहतो. साहेबांनी हे गणित तुम्हाला दाखवलं नाही याचा मला राग येतो, कारण ते दोन मिनिटांत दाखवता येतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. हप्ता दरवर्षी ठरलेल्या तारखेला येणार, फोटो तसे येणार नाहीत. तुम्ही धरलेला आकडा वर्षाला १२०० फोटोंचा आहे, म्हणजे आजच्या दहापट. शिवाय या कामात एकच घर पुन्हा पुन्हा येत नाही. काकूंच्या पेटीतले पंधरा-वीस फोटो एकदा झाले की झाले, पुढच्या दिवाळीला त्यांच्याकडे नवे जुने फोटो तयार होत नाहीत. घरामागे दहा फोटो धरले तरी दरवर्षी १२० नवी घरं हवीत, तीही सलग दहा वर्षं. एवढी ओळख एका वस्तीत कोणाचीच नसते. आणि हप्ता चुकला तर सवलतीच्या महिन्याभरानंतर पॉलिसी बंद पडते आणि भरलेल्यातला मोठा वाटा जातो.

अर्ज बँकेकडे देऊन थांबू नका, थेट विमा कंपनीला लेखी द्या. पॉलिसी क्रमांक, बॉण्ड मिळाल्याची तारीख, परत करण्याचं कारण, ‘फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम परत करावी’ एवढं वाक्य आणि सोबत बँक खात्याचा रद्द केलेला चेक. पोच घ्या, कुरिअरचं पाकीट जपून ठेवा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकीचे पैसे परत येतात. साहेबांचा फोन येईल, ‘थोडं थांबा’ म्हणतील. थांबू नका. आलेले पैसे पुन्हा एफडीत ठेवा. घर ज्यांच्या पगारावर चालतं त्यांच्या नावाने साधा टर्म विमा आहे का तेही बघा, पॉलिसीची खरी गरज तिथे असते.

आता भाव. सगळ्या फोटोंना एक भाव ही मुळातली चूक आहे, मग तो ३० असो की ५०. तुमच्या १२० पैकी ६० सोपे, ४५ मधले आणि १५ फाटलेले धरले तर साधारण ७५ तास लागले असतील. हाती आले ३,६०० रुपये, म्हणजे तासाला ४८. तासाला १५० धरून लागणाऱ्या वेळेप्रमाणे भाव लावा.

सोप्या फोटोचे ३० रुपये ठीक आहेत: पुसणं, ६०० डीपीआयला स्कॅन, कातरणं, उजेड-रंग सारखा करणं. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० ला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि ८ बाय १२ इंचाची प्रिंट नीट निघते. आग्फा क्लिक थ्रीच्या काळातले ते छोटे चौकोनी फोटो मात्र १२०० ला घ्या.

मधल्याला १०० रुपये. बुरशीचे ठिपके, ओरखडे आणि लाल पडलेले रंगीत फोटो यात येतात. स्टुडिओतले खरखरीत, जाळीच्या कागदावरचे फोटोही यातच धरा. मी माझ्या मावशीच्या लग्नाचा असा एक फोटो केला होता. स्कॅन केल्यावर शालूवर, चेहऱ्यावर, सगळीकडे चमकणारे कण दिसत होते, आणि हील टूलने एकेक पुसायला बसलं तर दिवस जातो. मग फोटो काचेवरच अर्धा गोल फिरवून, वरची बाजू खाली करून दुसऱ्यांदा स्कॅन केला, जिंपमध्ये सरळ करून पहिल्यावर अचूक बसवला आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के केली. स्कॅनरचा उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे दोन्ही स्कॅनमधली चमक एकमेकींना खोडते. चांगला निघतो, पण पाऊण तास गेला. तो ३० रुपयांत कसा द्याल?

फाटलेल्याला ३०० पासून पुढे, आणि फोटो बघितल्याशिवाय आकडा सांगू नका. चिरा कुठून गेल्या आहेत ते बघा. भिंतीवरून, पडद्यावरून गेलेली चीर क्लोन टूलने अर्ध्या तासात भरते. डोळ्यावरून किंवा ओठावरून गेली असेल तर त्याच माणसाचा दुसरा फोटो मागा. तो नसेल तर चेहरा मनाने काढू नका, घरचे लोक तो ओळखत नाहीत आणि काम दोनदा करावं लागतं. एक दुरुस्ती भावात, पुढच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे, हे आधीच सांगा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पापुद्रा काचेवरच राहतो. घरच्या प्रिंटरवर तो काचेतून बहुधा धूसर येतो. सावलीत, मोबाइलच्या मागे काळं कापड धरून टिपा आणि तेवढीच स्पष्टता मिळेल हे सांगून टाका.

प्रिंट घरी काढू नका. बर्डीवरच्या लॅबचं जे बिल होईल ते वेगळं लावा.

या भावाने तेवढेच १२० फोटो झाले तर ६० चे १,८००, ४५ चे ४,५०० आणि १५ चे ४,५००, मिळून १०,८०० रुपये होतात. आजच्या तिप्पट, तेवढ्याच तासांत. मला तुमची खरी मिळकत एवढीच दिसते. ती पीपीएफमध्ये टाका. तिथे वर्षाला किमान ५०० भरले तरी खातं चालू राहतं, ज्या महिन्यात कोणी पेटी उघडली त्या महिन्यात २,००० टाका, नाही उघडली तर काही नाही. पुढचे दहा फोटो घड्याळ लावून करा आणि वहीत मिनिटं लिहा. माझे अंदाज चुकले असतील तर भाव त्या वहीप्रमाणे बदला. पण वही उघडण्याआधी तो अर्ज गेला पाहिजे.